अतिथी व्याख्यानाच्या स्लाइडवरून विभागाच्या वार्तापत्रासाठी एक पानी वृत्तांत कसा करावा? (कोयनेच्या व्याख्यानाचा मसुदा सोबत)

कातळ

नमस्कार. मी एका महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागात शिकवतो. आमच्या विभागाचे मराठी वार्तापत्र सहामाही निघते आणि त्यात अतिथी व्याख्यानांना प्रत्येकी एक पान मिळते. पान ए-४ आकाराचे, दोन रकान्यांचे, वर एक छायाचित्र; म्हणजे मजकुराला साधारण साडेतीनशे शब्दांची जागा उरते. या वेळी ‘जलाशय आणि भूकंप : कोयनेचा अनुभव’ या व्याख्यानाचा वृत्तांत माझ्याकडे आला आहे. पाहुण्यांनी स्लाइडची फाइल दिली आहे. एकूण ४६ स्लाइड असून सगळा मजकूर इंग्रजीत आहे, आणि निम्म्याहून अधिक स्लाइडवर केवळ आलेख किंवा नकाशे आहेत. व्याख्यानाचे ध्वनिमुद्रण झालेले नाही, परंतु मी आणि दोन विद्यार्थ्यांनी वहीत टिपणे घेतली होती.

स्लाइडचा क्रम असा आहे. सुरुवातीला विषयप्रवेश, मग कोयना धरण आणि १९६७ चा भूकंप, मग पाण्याची पातळी व भूकंपांची संख्या यांचे आलेख, मग वारणा जलाशय, मग गोठण्याची खोल विंधन विहीर, मग किल्लारी, मग परदेशातील धरणांची उदाहरणे आणि शेवटी निष्कर्षांची एक स्लाइड. या क्रमाने मी पहिला मसुदा केला. त्याचा सुरुवातीचा भाग देतो:

“विभागात ‘जलाशय आणि भूकंप’ या विषयावर अतिथी व्याख्यान उत्साहात संपन्न झाले. व्याख्यात्यांनी प्रथम जलाशय व भूकंप यांचा संबंध स्पष्ट केला. कोयना धरणाची उंची १०३ मीटर असून त्याच्या जलाशयास शिवाजीसागर म्हणतात. १० डिसेंबर १९६७ रोजी धरणाच्या पाण्याच्या वजनामुळे येथे ६.३ रिश्टर स्केलचा भूकंप झाला. त्यानंतर त्यांनी पाण्याची पातळी व भूकंपांची संख्या यांचे आलेख दाखवले. त्यानंतर वारणा जलाशयाची माहिती दिली. त्यानंतर गोठणे येथील ३ किलोमीटर खोल विंधन विहिरीविषयी सांगितले. त्यानंतर किल्लारी भूकंपाचा आढावा घेतला...”

पान भरते, सगळे विषय येतात, तरीही वाचणाऱ्याला व्याख्यानात नेमके काय सांगितले गेले ते कळत नाही असे मला वाटते. कोठे काय बदलावे, याविषयी अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे.

---

छपाईवाला

पॉवरपॉइंटमधून छापताना हँडआउटचा पर्याय निवडला की एका पानावर नऊ स्लाइड बसतात. ४६ स्लाइडसाठी सहा पाने लागतील. एकाच पानात हवे असेल तर आधी महत्त्वाच्या नऊ स्लाइड निवडून बाकीच्या लपवाव्यात आणि लपवलेल्या स्लाइड न छापण्याची खूण करून पीडीएफ काढावी. आमच्या दुकानात बरेच शिक्षक असेच करून नेतात. मात्र आलेखांवरील अक्षरे त्या आकारात वाचता येत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

---

कातळ

धन्यवाद. मला स्लाइडची छपाई नको आहे, त्यांच्या आधारे सलग मराठी वृत्तांत लिहायचा आहे. तरीही नऊच स्लाइड निवडायच्या झाल्या तर कोणत्या निवडाव्यात, हा प्रश्न इथेही लागू पडतोच.

---

रेखांश

माझ्या मते वृत्तांताचा क्रम स्लाइडच्या क्रमाप्रमाणेच असावा आणि प्रत्येक स्लाइडच्या शीर्षकाचे एक वाक्य करावे. ४६ वाक्ये म्हणजे साधारण साडेतीनशे ते चारशे शब्द होतात, म्हणजे जागेचा हिशेब जमतो. दुसरे असे की स्लाइडवर जे लिहिलेले नाही ते वृत्तांतात एक अक्षरही येऊ नये. पाहुण्यांच्या तोंडी आपण काही घातले आणि ते चुकीचे निघाले, तर विभागाची नाचक्की होते. स्लाइड हा लेखी पुरावा आहे, टिपणे हा नव्हे.

---

अक्षरमेळ

मी बरीच वर्षे एका विज्ञान विभागाचे वार्तापत्र पाहत होतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

रेखांश यांची सावधगिरी योग्य आहे, परंतु त्यांनी सुचवलेल्या मार्गाने तुमचा पहिला मसुदाच पुन्हा तयार होईल. त्या मसुद्यात ‘त्यानंतर’ हा शब्द किती वेळा आला आहे ते पाहा. एका स्लाइडवरून दुसऱ्या स्लाइडवर जाताना वक्ता जे बोलतो तोच व्याख्यानाचा युक्तिवाद असतो, आणि तो बहुधा कोणत्याच स्लाइडवर लिहिलेला नसतो. स्लाइडवर पुरावा असतो. त्या पुराव्यावरून काय ठरते, हे तोंडी सांगितले जाते. म्हणून स्लाइड पहिल्यापासून वाचत गेल्यास विषयांची यादी हाती लागते, युक्तिवाद सापडत नाही.

मी उलट्या बाजूने सुरुवात करतो. आधी निष्कर्षांची स्लाइड उघडावी, त्यावरील प्रत्येक निष्कर्ष कागदावर उतरवावा आणि त्याच्यासमोर तो निष्कर्ष ज्या स्लाइडवर उभा आहे त्यांचे क्रमांक लिहावेत. ज्या स्लाइडचा क्रमांक कोणत्याही निष्कर्षासमोर येत नाही, ती वृत्तांतातून सरळ वगळावी, मग ती कितीही देखणी असो. एखाद्या निष्कर्षासमोर एकही क्रमांक आला नाही, तर त्याचा आधार व्याख्यात्यांनी तोंडी दिला असणार. तिथे टिपणांची वही उघडावी आणि ते वाक्य व्याख्यात्यांकडून तपासून घ्यावे. रेखांश यांची शंका इथे खरी ठरते: टिपणांतले वाक्य तपासल्यावाचून छापू नये. परंतु तपासण्याची सोय असताना ते टाकून देण्याचेही कारण नाही.

तुम्ही निष्कर्षांची स्लाइड इथे मराठीत सांगितलीत तर हे काम सगळ्यांना मिळून करता येईल.

---

कातळ

निष्कर्षांच्या स्लाइडवर चार मुद्दे आहेत. एक, कोयना-वारणा भागातील भूकंप सुमारे ३० किलोमीटर लांब व २० किलोमीटर रुंद एवढ्या लहान पट्ट्यात एकवटलेले असून ते उथळ आहेत. दोन, भूकंपांची संख्या जलाशयाच्या पातळीबरोबर वर्षभर कमीजास्त होते. तीन, येथील खडक आधीच ताणाखाली आहे आणि पाण्यामुळे भूकंपाला निमित्त मिळते. चार, खोल विंधन विहिरींमुळे भूकंप जिथे होतात तिथल्या खडकाचा थेट अभ्यास शक्य होईल.

सांगितल्याप्रमाणे क्रमांक लिहिले. पहिल्या मुद्द्यासमोर नकाशाच्या दोन स्लाइड आल्या, दुसऱ्यासमोर आलेखांच्या आणि वारणेच्या, चौथ्यासमोर गोठण्याच्या. तिसऱ्यासमोर मात्र एकही स्लाइड आली नाही. किल्लारीच्या सहा स्लाइड आणि परदेशातील धरणांच्या सहा स्लाइड कोणत्याच मुद्द्यासमोर बसत नाहीत. परदेशी उदाहरणांत चीनमधील शिनफेंगजियांग, झांबिया-झिंबाब्वे सीमेवरील करिबा आणि ग्रीसमधील क्रेमास्ता ही धरणे आहेत.

---

अक्षरमेळ

तिसरा मुद्दा हाच व्याख्यानाचा कणा आहे आणि त्याच्यासमोर एकही स्लाइड नाही, हे मला अपेक्षितच होते. वृत्तांताचे मुख्य वाक्य त्यातूनच घडवावे लागेल. परदेशी धरणांना एका उपवाक्यापेक्षा अधिक जागा देऊ नये.

आता आलेखाकडे वळू या. तुमच्या मसुद्यात ‘आलेख दाखवले’ एवढेच आहे. वार्तापत्राच्या वाचकासमोर तो आलेख नसेल, म्हणून त्यात जे दिसते ते वाक्यातून दिसले पाहिजे. स्लाइड पडद्यावर मोठी करा, आलेखाच्या कडेला कागदाची सरळ कड धरा आणि तीन गोष्टी पाहा: पातळीची रेषा कोणत्या महिन्यात सर्वांत वर जाते, भूकंपांचे स्तंभ कोणत्या महिन्यात उंच होतात, आणि या दोहोंत किती अंतर आहे.

---

कातळ

पाहिले. पाण्याची रेषा जूनपासून चढते, ऑगस्टच्या अखेरीस माथ्यावर पोचते आणि पुढे मे महिन्यापर्यंत हळूहळू उतरते. भूकंपांचे स्तंभ पावसाळा सुरू होताच वाढत नाहीत. ते सप्टेंबरमध्ये उंच होतात आणि डिसेंबरच्या सुमारास पुन्हा एकदा वाढतात. हा दुसरा उंचवटा व्याख्यानाच्या वेळी माझ्या लक्षात आला नव्हता. एका विद्यार्थिनीच्या टिपणात मात्र असे आहे: “पाण्याचा दाब भेगांतून खाली पोचायला वेळ लागतो, म्हणून उशीर. हिवाळ्यातली वाढ पातळी उतरतानाची.”

---

अक्षरमेळ

तुमच्या पानातले सर्वांत मोलाचे वाक्य हेच आहे. ते साधारण असे होईल: “जलाशय ऑगस्टअखेर भरतो, भूकंपांची संख्या मात्र त्यानंतर, सप्टेंबरमध्ये वाढते आणि पाणी उतरू लागल्यावर डिसेंबरच्या सुमारास पुन्हा एकदा वर जाते.” ‘संबंध दिसतो’ म्हणण्याऐवजी संबंध कसा आहे ते यात सांगितले आहे. उशिराचे कारण लगेच पुढच्या वाक्यात द्यावे आणि त्या वाक्यासमोर समासात ‘टिपण, तपासणे’ अशी खूण करावी.

---

रेखांश

मग हा आलेख म्हणजे धरणामुळेच भूकंप होतात याचा पुरावाच झाला. शीर्षकही तसेच द्यावे: ‘धरणांमुळेच कोयनेचे भूकंप’. वाचक थांबून वाचतील.

---

कंपनलेख

मी भूकंपमापनाच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून इथे थोडे थांबवतो. जलाशय दर पावसाळ्यात भरतो. १९६७ सारखा मोठा भूकंप मात्र तिथे पुन्हा झालेला नाही. पाणी भरणे एवढेच कारण असते तर असे झाले नसते. शिवाय तेवढ्याच उंचीची आणि त्याहून मोठी अनेक धरणे जगात आहेत, ज्यांच्या आसपास काहीच घडलेले नाही. म्हणून तिसऱ्या निष्कर्षाची मांडणी जशी आहे तशीच ठेवणे आवश्यक आहे: भूकंपाची ऊर्जा खडकात आधीच साठलेली असते. जलाशयाचा भार आणि खडकाच्या भेगांतील पाण्याचा वाढलेला दाब यांमुळे भेगेच्या दोन बाजू एकमेकींना धरून ठेवण्याची ताकद घटते आणि जो भूकंप कधीतरी झालाच असता तो अलीकडे येतो. कातळ यांच्या मसुद्यातील ‘पाण्याच्या वजनामुळे भूकंप झाला’ हे वाक्य आणि रेखांश यांनी सुचवलेले शीर्षक, दोन्ही व्याख्यात्यांच्या विधानापेक्षा बरेच पुढे जातात. स्लाइडवरील विधानात जेवढा जोर आहे तेवढाच वृत्तांतात असावा.

आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली तारखेची. मसुद्यात १० डिसेंबर १९६७ आहे आणि बहुधा ती स्लाइडवरूनच घेतलेली आहे. आंतरराष्ट्रीय नोंदींत भूकंपाची वेळ जागतिक प्रमाणवेळेत देतात. त्या घड्याळाने हा भूकंप १० तारखेला रात्री १० वाजून ५१ मिनिटांनी झाला. आपली घड्याळे साडेपाच तास पुढे असतात. त्यामुळे कोयनेच्या लोकांनी तो ११ डिसेंबरच्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी अनुभवला, आणि सातारा-पाटण भागात त्याची आठवण ११ डिसेंबरलाच काढली जाते. किल्लारीच्या स्लाइडवरही हाच घोळ असण्याची शक्यता आहे. तिथे २९ सप्टेंबर १९९३ दिसले तर आपल्याकडची तारीख ३० सप्टेंबरची पहाट आहे हे ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट ‘रिश्टर’ची. स्लाइडवर नुसते ‘M 6.3’ असेल तर त्याला आपल्या मनाने रिश्टर स्केल जोडू नये. या भूकंपासाठी जुन्या पुस्तकांत ६.५ असाही आकडा आढळतो, कारण आकडा कोणत्या पद्धतीने काढला यावर तो अवलंबून असतो. ‘६.३ तीव्रतेचा’ एवढे लिहिणे वार्तापत्राला पुरेसे आहे.

---

कातळ

स्लाइडवर खरोखरच १० डिसेंबर आहे आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘UTC’ लिहिलेले आहे. किल्लारीच्या स्लाइडवर २९ सप्टेंबर आहे. मृतांच्या संख्येचे काय करावे? स्लाइडवर ‘सुमारे २००’ आहे, माझ्याकडील एका पुस्तकात १७७ आहे.

---

कंपनलेख

तुमच्या पानाचा विषय जलाशय आणि खडक यांचा संबंध हा आहे. मृतांचा आकडा त्या युक्तिवादाचा भाग नाही. द्यायचाच असेल तर व्याख्यात्यांचा आकडा त्यांच्या नावाने द्यावा. स्वतः बेरीज-वजाबाकी करून तिसराच आकडा तयार करू नये.

---

विभागसमन्वयक

आमच्या महाविद्यालयात नॅकसाठी प्रत्येक कार्यक्रमाचा अहवाल ठेवावा लागतो आणि त्याचा नमुना ठरलेला आहे: दिनांक, वेळ, स्थळ, व्याख्यात्यांचे नाव व पद, उपस्थितांची संख्या, उद्दिष्टे, फलनिष्पत्ती, स्थळाची नोंद असलेली दोन छायाचित्रे, उपस्थितिपत्रक आणि आभारप्रदर्शन. गेल्या वर्षी आम्ही एका विपणन तज्ज्ञांच्या व्याख्यानाचा असा अहवाल केला तेव्हा उद्दिष्टांचा रकाना रिकामा राहिला म्हणून तो परत आला. तरी कातळ यांनी उद्दिष्टे व फलनिष्पत्ती अवश्य लिहावी. दीपप्रज्वलन कोणी केले आणि परिचय कोणी करून दिला हेही राहू नये, संबंधितांना वाईट वाटते.

---

अक्षरमेळ

विभागसमन्वयक म्हणतात तो अहवाल निराळा कागद आहे. तो आवश्यक आहे आणि त्याची जागा फाइलमध्ये आहे. वार्तापत्राचे पान जो विद्यार्थी त्या दिवशी सभागृहात नव्हता त्याच्यासाठी असते. दोन्ही कामे एकाच मजकुराने करायला गेले की साडेतीनशेपैकी सव्वाशे शब्द स्वागत-सत्कारात जातात. माझी पद्धत अशी होती की व्याख्यात्यांचे नाव, पद, दिनांक आणि परिचय करून देणाऱ्यांचे नाव छायाचित्राखालच्या ओळीत बसवायचे. त्यामुळे कोणाचे नाव वगळले जात नाही आणि मजकुराचे पहिले वाक्य विषयासाठी मोकळे राहते.

---

तेरणा

मी लातूर जिल्ह्यातली आहे. किल्लारीच्या सहा स्लाइड ‘कोणत्याच मुद्द्यासमोर बसत नाहीत’ म्हणून सरळ काढून टाकाव्यात, हे मला पटत नाही. महाराष्ट्रातला विद्यार्थी भूकंप म्हटले की आधी किल्लारी आठवतो, आणि कोयनेविषयी वाचताना तिथेही धरणच कारणीभूत होते का, हा प्रश्न त्याच्या मनात येणारच. व्याख्यात्यांनी त्या स्लाइड उगीच घातल्या नसतील. त्या का घातल्या, याचा शोध टिपणांत घेतला आहे का?

---

कातळ

आपल्या प्रश्नामुळे पुन्हा तिन्ही वह्या पाहिल्या. एका वहीत असे आहे: “किल्लारी: मोठा जलाशय नाही, तरी भूकंप. ताण सगळीकडे आहे.” म्हणजे दख्खनचा खडक स्थिर आहे ही समजूत खरी नाही आणि जलाशय नसलेल्या ठिकाणीही साठलेला ताण मोकळा होऊ शकतो, असे त्यांना म्हणायचे असावे. तसे असेल तर या स्लाइड तिसऱ्या निष्कर्षाला आधार देतात.

---

अक्षरमेळ

तेरणा यांनी योग्य जागी बोट ठेवले आहे. माझे मत असे की किल्लारीला एकच वाक्य द्यावे आणि तेही तिसऱ्या निष्कर्षाच्या आधारापुरते. सहा स्लाइडचा मजकूर आणला तर पानात दोन व्याख्याने होतील.

---

तेरणा

एका वाक्यात किल्लारी म्हणजे केवळ उल्लेख होईल. वाचणाऱ्यांत आमच्या भागातले विद्यार्थी असतील तर निदान तीन-चार वाक्ये हवीत. शिवाय तेथील नदीवरच्या लहान धरणाचीही त्या काळी चर्चा झाली होती. ‘मोठा जलाशय नाही’ एवढ्यावर तो विषय संपत नाही.

---

कंपनलेख

चर्चा झाली होती, हे खरे आहे. म्हणूनच ‘किल्लारीशी पाण्याचा काहीही संबंध नव्हता’ असे ठाम वाक्य विद्यार्थ्याच्या टिपणावरून लिहू नये. व्याख्यात्यांना विचारावे आणि ते जेवढे म्हणतील तेवढेच छापावे.

---

रेखांश

आकड्यांचा आग्रह मी सोडणार नाही. स्लाइडवर इतके आकडे असताना वृत्तांत शब्दांचाच झाला तर तो विज्ञान विभागाचा वाटणार नाही.

---

अक्षरमेळ

आकडे हवेतच, परंतु ज्यांच्यामुळे वाचकाला काही दिसते तेच. उदाहरणार्थ, गोठण्याच्या विहिरीच्या स्लाइडवर बरेच आकडे असतील. त्यांतला विहिरीचा व्यास कामाचा नाही. खोली ३ किलोमीटर आणि बेसाल्टची जाडी, हे दोन शेजारी ठेवले की वाचकाला कळते की काळ्या खडकाखाली आणखी काहीतरी आहे आणि तिथवर पोचण्यासाठीच ही विहीर आहे. धरणाची १०३ मीटर उंची मात्र या युक्तिवादात कोठेच लागत नाही.

---

कातळ

स्लाइडप्रमाणे बेसाल्टचे थर सुमारे सव्वा किलोमीटर जाड आहेत आणि त्याखाली ग्रॅनाइटसारखा जुना खडक आहे. सगळ्यांच्या सूचना घेऊन मुख्य मजकूर असा केला आहे:

पाणी, ताण आणि कोयनेचा खडक

“सह्याद्रीतील कोयना-वारणा परिसरात गेली अनेक दशके भूकंप होत आहेत, आणि ते जवळजवळ सगळे सुमारे ३० किलोमीटर लांब व २० किलोमीटर रुंद अशा एकाच पट्ट्यात, फारशी खोली नसलेल्या खडकात होतात. असे का होते, हा या व्याख्यानाचा प्रश्न होता.

शिवाजीसागरात १९६२ मध्ये पाणी साठू लागल्यावर लवकरच परिसरात धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. पुढे १९८५ पासून वारणेचा जलाशय भरू लागला आणि धक्क्यांचे क्षेत्र त्या बाजूलाही पसरले. व्याख्यात्यांनी दाखवलेल्या आलेखानुसार जलाशय ऑगस्टअखेर भरतो. भूकंपांची संख्या मात्र त्यानंतर, सप्टेंबरमध्ये वाढते आणि पाणी उतरू लागल्यावर डिसेंबरच्या सुमारास पुन्हा एकदा वर जाते. खडकाच्या भेगांतून पाण्याचा दाब खोलवर पोचण्यास वेळ लागतो, म्हणून हा उशीर होतो.

याचा अर्थ पाणी भूकंप निर्माण करते असा नाही. जलाशय दरवर्षी भरतो, परंतु १९६७ सारखा भूकंप पुन्हा झालेला नाही. व्याख्यात्यांच्या मांडणीनुसार खडक आधीच ताणाखाली असतो आणि पाणी त्याला निमित्त पुरवते. करिबा, क्रेमास्ता अशा काही परदेशी जलाशयांजवळही असाच अनुभव आला आहे.

हे थेट तपासण्यासाठी कोयना परिसरातील गोठणे येथे ३ किलोमीटर खोल विंधन विहीर घेण्यात आली. तिथे बेसाल्टचे थर सुमारे सव्वा किलोमीटर जाड असून त्याखाली ग्रॅनाइटसारखा अतिशय जुना खडक आहे. भूकंप उद्भवतात ते या जुन्या खडकात. या संशोधनाचे काम केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या कराड येथील प्रयोगशाळेतून चालते.”

किल्लारीची जागा तिसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी मोकळी ठेवली आहे.

---

कंपनलेख

शास्त्रीय दृष्टीने मला हा मजकूर चालेल. ‘धक्क्यांचे क्षेत्र त्या बाजूलाही पसरले’ हे वाक्य कोणत्या स्लाइडवरून घेतले ते एकदा पाहा. वारणेत पाणी साठू लागणे आणि तिकडचे धक्के लक्षणीय वाढणे यांत काही वर्षे गेली आहेत. तो अवधी वाक्यात दिसला नाही तर वाचक दोन्ही एकाच वर्षी घडले असे समजेल. ‘पुढे काही वर्षांनी’ एवढे शब्द घातले तरी भागेल.

---

अक्षरमेळ

चांगला उतरला आहे. आता तो व्याख्यात्यांकडे कसा पाठवायचा ते सांगतो, कारण पुष्कळ वृत्तांत इथेच अडकतात. ‘कृपया पाहून अभिप्राय कळवावा’ असे लिहिले की व्यग्र माणूस पत्र बाजूला ठेवतो, किंवा संपूर्ण मजकूर नव्याने लिहून दोन पाने परत पाठवतो. त्याऐवजी प्रत्येक विधानापुढे चौकटी कंसात स्लाइडचा क्रमांक घालावा, टिपणांवरून घेतलेली वाक्ये अधोरेखित करावीत आणि पत्रात फक्त त्यांच्याविषयी थेट प्रश्न विचारावेत. तुमच्या बाबतीत प्रश्न तीनच आहेत: सप्टेंबरच्या उशिराचे कारण बरोबर लिहिले आहे का, पाणी निमित्त ठरते हे वाक्य त्यांना मान्य आहे का, आणि किल्लारीविषयी एका वाक्यात ते काय म्हणतील. मजकूर कधी छपाईला जाणार ती तारीखही कळवावी. उत्तर आल्यावर कंसातील क्रमांक काढून टाकावेत, परंतु क्रमांकांची प्रत जपून ठेवावी. पुढे कोणी एखाद्या आकड्याबद्दल विचारले तर ती लागते.

एखाद्या स्लाइडवर ‘प्राथमिक’ किंवा ‘अप्रकाशित’ अशी नोंद असेल तर तिच्यावरचे काहीही छापू नये. सभागृहात दाखवणे आणि छापणे यांत संशोधकाच्या दृष्टीने फार अंतर असते.

---

कातळ

गोठण्याच्या भागात एका आलेखावर अशी नोंद आहे. तो मी घेतलेला नाही. छायाचित्राऐवजी पाणी-भूकंपाचा आलेखच छापावा असे विद्यार्थ्यांचे म्हणणे आहे. तो फाइलमधून स्पष्ट कसा काढावा?

---

छपाईवाला

पडद्याचे चित्र काढून देऊ नका, छपाईत ते धूसर येते. फाइलची एक प्रत करून तिच्या नावातील `.pptx` च्या जागी `.zip` लिहा आणि ती उघडा. आतल्या `ppt/media` या फोल्डरमध्ये सगळी चित्रे मूळ आकारात मिळतात. आलेख चित्र म्हणून न घालता पॉवरपॉइंटमध्येच तयार केला असेल तर मात्र तो तिथे सापडणार नाही. मग ती स्लाइड पीडीएफ करून पाठवा. एका रकान्याच्या रुंदीत आलेखाची अक्षरे वाचता येतात का, ते आधी कागदावर छापून पाहा.

---

अक्षरमेळ

काढण्याआधी आलेखाच्या खाली बारीक अक्षरांत कोणाचे नाव आहे ते पाहावे. तो अन्य संशोधकांच्या शोधनिबंधातून घेतलेला असेल तर व्याख्यात्यांची संमती पुरेशी होत नाही, ती मूळ प्रकाशकाकडून घ्यावी लागते. वार्तापत्र संकेतस्थळावर चढवणार असाल तर हे विशेष पाहावे.

---

कातळ

खाली दोन नावे आणि १९९० च्या दशकातील एक वर्ष आहे. व्याख्यात्यांचे नाव त्यांत नाही. आकडेवारी उपलब्ध असल्यास विद्यार्थ्यांकडून आलेख नव्याने काढून घेता येईल का, हेही त्यांना विचारतो आणि वारणेच्या वाक्यात सुचवलेला बदल करून तिन्ही प्रश्न आज पाठवतो. किल्लारीच्या वाक्याविषयी त्यांचे उत्तर आले की इथे कळवीन. तेरणा, तीन-चार वाक्यांची जागा काढण्यासाठी परदेशी धरणांचे वाक्य वगळता येईल, त्यावर आपले मत सांगावे.

---

तेरणा

वगळावे. तरीही दोनच वाक्यांची जागा होईल. उरलेल्या दोनांसाठी गोठण्याचा परिच्छेद आटोपशीर करता आला तर पाहा.

---

रेखांश

गोठण्याचे आकडे मात्र काढू नयेत, ही विनंती.